मुक्काम बदलला, पत्ता तोच

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राचा आयपी पत्ता एकाच वेळी दोन कामे करतो. हे यंत्र कोणते, हे तो सांगतो आणि ते कुठे आहे, हेही तोच सांगतो. पत्त्याचा सुरुवातीचा भाग नेटवर्कचा असतो. वाटेतले राउटर तेवढाच भाग पाहून पॅकेट पुढे ढकलतात. अखेरचा भाग त्या नेटवर्कातले नेमके यंत्र दाखवतो. यंत्र जागेवर असेपर्यंत या दुहेरी कामाची अडचण होत नाही. ते दुसऱ्या नेटवर्कात गेले की पेच पडतो. जुना पत्ता ठेवला, तर पॅकेट जुन्याच ठिकाणी जाऊन पडतात. नवा घेतला, तर चालू संभाषण तुटते, कारण टीसीपी जोडणी दोन्ही टोकांचे आयपी पत्ते आणि पोर्ट क्रमांक या चार गोष्टींवरून ओळखली जाते. त्यांतली एक बदलली तरी समोरच्या यंत्राच्या लेखी ती जोडणी उरत नाही.

मोबाइल आयपी या पद्धतीने ही दोन कामे दोन पत्त्यांवर वाटून दिली. तिचा पहिला प्रमाणित मसुदा १९९६ साली आरएफसी २००२ या क्रमांकाने निघाला. त्याचे संपादन चार्ल्स पर्किन्स यांनी केले होते. या पद्धतीत यंत्राचा मूळ पत्ता कायम राहतो आणि ओळख म्हणून वापरला जातो. सध्याचा मुक्काम दाखवण्यासाठी दुसरा, तात्पुरता पत्ता असतो, त्याला केअर-ऑफ पत्ता म्हणतात. पाकिटावर ‘द्वारा’ लिहून यजमानाचे नाव घालावे, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच, की इथे पत्र लिहिणाऱ्याला ‘द्वारा’ लिहावे लागत नाही. तो नेहमीच्याच पत्त्यावर पाठवतो आणि पुढचे काम मूळ नेटवर्कातला एक राउटर करतो. हा राउटर म्हणजे होम एजंट.

समजा, एका लॅपटॉपचा मूळ पत्ता 192.0.2.25 आहे आणि त्याच्या नेटवर्कातला होम एजंट 192.0.2.1 या पत्त्यावर आहे. लॅपटॉप दुसऱ्या एका संस्थेच्या नेटवर्कात पोहोचतो. तिथेही याच कामासाठी नेमलेला एक राउटर आहे, त्याला फॉरेन एजंट म्हणतात. तो ठरावीक काळाने नेटवर्कात जाहिरात संदेश सोडत असतो. त्यात त्याचा केअर-ऑफ पत्ता असतो, समजा 198.51.100.7. हा संदेश ऐकून आपण घराबाहेर आहोत हे लॅपटॉपला कळते.

मग तो नोंदणीची विनंती करतो. ती यूडीपी पोर्ट ४३४ वर फॉरेन एजंटकडे जाते आणि तिथून होम एजंटकडे. विनंतीत मूळ पत्ता, केअर-ऑफ पत्ता आणि नोंद किती सेकंद टिकावी हा आकडा असतो. होम एजंटला विनंती मान्य झाली, की तो आपल्या तक्त्यात एक ओळ लिहितो: 192.0.2.25 सध्या 198.51.100.7 इथे, मुदत १८०० सेकंद. मुदत संपण्याआधी लॅपटॉपने नोंद नवी करायची असते, नाहीतर ती आपोआप रद्द होते. घरी परतल्यावर तो शून्य सेकंदांची मुदत मागतो, म्हणजेच नोंद पुसायला सांगतो.

आता 203.0.113.80 या पत्त्यावरचा एक सर्व्हर लॅपटॉपला पॅकेट पाठवतो. लॅपटॉप हलल्याची त्याला खबर नाही. पॅकेट मूळ नेटवर्कात पोहोचते. तिथे 192.0.2.25 कोण, असे विचारले गेले की लॅपटॉपच्या वतीने होम एजंटच हुंकार देतो आणि पॅकेट ताब्यात घेतो. त्यातले काहीही न बदलता तो ते जसेच्या तसे दुसऱ्या पॅकेटच्या पोटात घालतो. बाहेरच्या पॅकेटवर पाठवणारा 192.0.2.1 आणि घेणारा 198.51.100.7 असे पत्ते असतात. याला टनेल, म्हणजे बोगदा म्हणतात. फॉरेन एजंट बाहेरचे वेष्टन काढतो आणि आतले पॅकेट लॅपटॉपला देतो. त्यावर घेणारा म्हणून 192.0.2.25 हाच पत्ता असल्याने टीसीपीला काही वेगळे घडल्याचे जाणवत नाही. लॅपटॉप तिसऱ्या नेटवर्कात गेला, तर तक्त्यातला केअर-ऑफ पत्ता तेवढा बदलतो. मधल्या क्षणांत हरवलेली पॅकेट टीसीपी पुन्हा पाठवून घेते आणि जोडणी टिकते.

या रचनेतला नाजूक भाग म्हणजे नोंदणी. कोणीही खोटी विनंती धाडून दुसऱ्याचा सगळा डाक आपल्याकडे वळवू शकला असता. म्हणून लॅपटॉप आणि होम एजंट यांच्यात आधीच एक गुप्त किल्ली ठरलेली असते आणि प्रत्येक विनंतीवर तिच्या आधारे काढलेली खूण असते. जुनी विनंती चोरून पुन्हा पाठवता येऊ नये, म्हणून तिच्यात वेळही घातली जाते. लॅपटॉपचे घड्याळ फार चुकले असेल, तर किल्ली बरोबर असूनही १३३ या सांकेतिक क्रमांकाने नकार येतो. अशा वेळी किल्ली बदलण्याऐवजी घड्याळ तपासावे.

दुसरी अडचण परतीच्या वाटेवर येते. लॅपटॉपचे उत्तर सर्व्हरकडे थेट जाते, होम एजंटकडून नाही. पण त्यावर पाठवणारा म्हणून 192.0.2.25 असते, आणि हा पत्ता त्या बाहेरच्या नेटवर्काचा नव्हे. आपल्या नेटवर्काबाहेरचा पत्ता लावून निघालेले पॅकेट बनावट समजून अनेक सीमेवरचे राउटर ते टाकून देतात. लक्षण ठळक असते: सर्व्हरकडून जोडणीची पहिली विनंती लॅपटॉपपर्यंत येते, लॅपटॉप उत्तर देतो, तरी तीच विनंती पुन्हा पुन्हा येत राहते. यावर उपाय म्हणजे उत्तरही उलट्या दिशेने बोगद्यातूनच होम एजंटकडे नेणे.

तिसरी अडचण वेष्टनाच्या आकाराची. ते २० बाइटांचे असते. इथरनेटवरून एका वेळी १५०० बाइटांचे पॅकेट जाते, त्यामुळे काठोकाठ भरलेले पॅकेट वेष्टनासह मावत नाही. आकार कमी करा असा निरोप पाठवणाऱ्याला जायला हवा, पण वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने तो अडवला, तर ping चालते आणि मोठे वेबपान मात्र अर्ध्यावर अटकते. बोगद्यात काय चालले आहे, ते होम एजंटवर पुढील आज्ञेने दिसते:

```
tcpdump -n ip proto 4
```

चौथी मर्यादा मात्र रचनेतच आहे. सर्व्हर आणि लॅपटॉप एकाच शहरात असले, तरी सर्व्हरकडून निघालेले पॅकेट दूरच्या होम एजंटचा वळसा घेऊनच येते. आयपीव्ही६ साठीच्या आवृत्तीत यावर तोड आहे. तिच्यात फॉरेन एजंट नसतो, यंत्र स्वतःच केअर-ऑफ पत्ता मिळवते आणि तो सर्व्हरला कळवते. सर्व्हर मूळ आणि नव्या अशा दोन्ही पत्त्यांवर एकेक चाचणी संदेश पाठवतो. दोन्हींचा मेळ बसला, की पॅकेट थेट नव्या पत्त्यावर जाऊ लागतात. मात्र त्यासाठी सर्व्हरलाही ही पद्धत समजावी लागते. न समजल्यास वळसा कायम राहतो.

सर्वसाधारण इंटरनेटवर मोबाइल आयपी फारसे रुजले नाही. तिच्यामागची कल्पना मात्र फोर-जी नेटवर्कात रोज वापरली जाते. धावत्या गाडीतला फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जातो, पण त्याचा आयपी पत्ता मोबाइल कंपनीच्या मध्यवर्ती गेटवेपाशी बांधलेला असतो. टॉवर बदलला की बोगद्याचे फोनकडचे टोक तेवढे सरकते. फोनला स्वतः नोंदणी करावी लागत नाही, ते काम नेटवर्कच करते.