‘होईल सगळं नीट’ म्हणण्याआधी

मैत्रीण किंवा मित्र आपलं दुःख सांगायला लागला की आपल्या तोंडून दोन गोष्टी लगेच निघतात. एक म्हणजे "तू असं कर." दुसरी म्हणजे "काही होत नाही, होईल सगळं नीट." दोन्हींच्या मागे माया असते, पण दोन्हींमुळे समोरच्याचं बोलणं तिथेच थांबतं. दुसऱ्याचं दुःख ऐकताना आपलाही जीव कासावीस होतो आणि ती कासाविशी लवकर संपावी असं आपल्याला वाटतं. म्हणून तोडगा किंवा दिलासा देऊन आपण विषय मिटवतो. दुःख मात्र त्याच्याजवळ तसंच राहतं.

आपल्या वस्त्यांमध्ये आणखी एक वाक्य ऐकू येतं: "बाबासाहेबांनी किती सोसलं, त्यापुढं तुझं काय आहे?" हे वाक्य धीर देण्यासाठी वापरलं जातं. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं की आपलं दुःख मोजलं गेलं आणि कमी भरलं. आता तर त्याला दुःखाबरोबर लाजही वाटू लागते.

खुद्द बाबासाहेबांनी काय केलं ते पाहावं. १९२६ च्या जुलैमध्ये त्यांचा लहानगा मुलगा राजरत्न गेला. त्याआधीही त्यांची लेकरं गेली होती. तीन मुलगे आणि एक मुलगी, अशी चार मुलं त्यांनी आणि माता रमाईंनी गमावली. राजरत्न गेल्यानंतर बाबासाहेबांनी आपले मित्र दत्तोबा पवार यांना पत्र लिहिलं. आम्ही दोघं या धक्क्यातून सावरलो आहोत असं दाखवण्यात अर्थ नाही आणि कधी सावरू असंही वाटत नाही, अशा आशयाचं ते पत्र आहे. ज्यांच्याकडे सगळा समाज आधारासाठी पाहत होता, त्या माणसालाही एका मित्राजवळ "मी ठीक नाही" असं म्हणावंसं वाटलं. ते म्हणता यावं एवढी जागा मित्राजवळ असणं, हाच धीर देण्याचा गाभा आहे.

ही जागा कशी द्यायची, ते एका उदाहरणातून पाहू. समजा, हदगाव तालुक्यातल्या एका वस्तीतल्या बाईनं महिलांच्या गटातून कंपनीचं ४०,००० रुपये कर्ज काढलं आहे. दर पंधरा दिवसांनी १,००० रुपयांच्या आसपास हप्ता आहे. सोयाबीन पावसात भिजलं, मजुरी कमी झाली आणि दोन हप्ते थकले. अशा गटात एकीचा हप्ता थकला की बाकीच्या बायांनी तो भरायचा, अशी रीत असते. संध्याकाळी ती मैत्रिणीच्या ओट्यावर येऊन बसते आणि म्हणते, "दोन हप्ते थकले माय. काल मीटिंगला सगळ्यांपुढं बोलले मला. रातभर डोळ्याला डोळा नाही."

पहिलं उत्तर असं येऊ शकतं: "तुला कोणी सांगितलं होतं कर्ज काढायला? सोनं ठेव गहाण, नाहीतर भावाला माग." मैत्रिणीला वाटतं, आपण रस्ता दाखवला. पण सोनं कदाचित आधीच गहाण पडलेलं आहे. भावाशी बोलणं बंद असेल. आता त्या बाईला हे सगळं उलगडून सांगावं लागेल, म्हणजे स्वतःची बाजू मांडावी लागेल. ती म्हणते, "हो, बघते," आणि उठते.

दुसरं उत्तर: "अगं, सगळ्यांचेच हप्ते थकतात, काही होत नाही." पण काल सगळ्यांपुढं जे व्हायचं ते होऊन गेलं आहे. त्यामुळे हे वाक्य तिला खोटं वाटतं. तीही म्हणते, "हो, ते तर हाय," आणि दुसराच विषय काढते.

आपलं चुकलं हे ओळखायची खूण याच दोन वाक्यांत आहे. "हो, बघते", "जाऊ दे", "चाललं मी, स्वयंपाक राहिला" असं बोलणं अचानक आखडतं आणि नजर खाली जाते. तेव्हा माणसाला बरं वाटलं म्हणून तो गप्प झालेला नसतो, तर आपलं इथं ऐकलं जाणार नाही हे त्याला कळलेलं असतं. अशा वेळी आपणच मागे फिरावं: "थांब गं, मी मधीच बोलले. काय झालं काल?" एवढं पुरतं.

तिसरं उत्तर फार छोटं आहे. मैत्रीण हातातला फोन बाजूला ठेवते, जरा थांबते आणि म्हणते, "सगळ्यांपुढं बोलले?" तिच्याच बोलण्यातला सगळ्यात जड शब्द तिनं परत उच्चारला, बाकी काही नाही. ती बाई सांगू लागते, "हो ना. माझ्यामुळं बाकीच्यांना पैसे भरावं लागले. आता त्या माझ्याशी धड बोलंनात." मैत्रीण विचारते, "पैशापरीस तेच जास्त लागलं का तुला?" जरा वेळानं उत्तर येतं, "घरच्याला अजून सांगितलंच नाही मी. रातभर तेच डोक्यात फिरतं."

खरी गाठ आता कुठे सापडली. पहिल्या वाक्यात कर्ज होतं, दुसऱ्यात अपमान आणि तिसऱ्यात नवऱ्यापासून लपवलेली गोष्ट. माणूस बहुतेक वेळा आधी वरवरचं सांगून पाहतो. समोरचा कसा घेतो त्यावर पुढचं सांगायचं की नाही, हे ठरतं. पहिल्या वाक्यावरच दिलेला सल्ला म्हणूनच चुकतो, कारण तो वरच्या गोष्टीवर दिलेला असतो. सोनं गहाण ठेवून हप्ता भरला असता तरी रात्रीची झोप आली नसती.

भावनेला नाव दिलं की शरीरावरही परिणाम होतो. मनात भीती घोळत असते तेव्हा छाती धडधडते, श्वास वरवर चालतो. "लाज वाटली", "भीती वाटते" असे नेमके शब्द सापडले आणि ते कोणी शांतपणे ऐकले की हा ताण हळूहळू उतरायला लागतो. रडू आलं तर येऊ द्यावं. "रडू नको" म्हणण्यापेक्षा पाण्याचा तांब्या पुढे करावा आणि जवळ बसून राहावं. दोन मिनिटं कोणीच बोललं नाही तरी काही बिघडत नाही.

यानंतर एक प्रश्न विचारायचा: "मी नुसती ऐकू का, का काय करता येईल ते दोघी मिळून बघू?" सल्ला देणं वाईट नाही. तो तिनं मागितलेला असावा, एवढंच. ती "ऐक" म्हणाली तर ऐकावं. "काय करू सांग" म्हणाली, तर आधी तिलाच विचारावं, "तुझ्या मनात काय हाय?" बहुतेकांनी काहीतरी ठरवत आणलेलं असतं. आमच्या उदाहरणातली बाई म्हणेल, "घरच्याला सांगावं वाटतं, पण रागात काय बोलंल याची भीती वाटते." मग बोलणं त्या एकाच गोष्टीवर राहतं: कधी सांगायचं, सुरुवात कशी करायची, सोबत कोणी असावं का. नवऱ्याचा हात उठत असेल तर त्याला एकटीनं सांगायला लावू नये. तिथे आधी तिची सुरक्षितता पाहावी. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे.

आपल्याकडे "काही लागलं तर सांग" असं म्हणायची सवय आहे. हेही पोकळ आश्वासनच ठरतं, कारण मागण्याचा भार पुन्हा तिच्यावरच पडतो. त्याऐवजी जमेल तेवढी एकच ठरलेली गोष्ट बोलावी: "पुढच्या मीटिंगला मी तुझ्यासंग येते", "उद्या दुपारी लेकरं माझ्याकडं राहू दे". जे जमणार नाही ते बोलू नये. दोन दिवसांनी आपणच जाऊन विचारावं, "परवा सांगत होतीस, आता कसं वाटतंय?" आणि ऐकलेली गोष्ट आपल्याजवळच ठेवावी. विहारात, बचत गटात किंवा मोबाईलच्या ग्रुपवर ती फुटली, तर ती बाई पुन्हा कुणाजवळही बोलणार नाही.

पुरुषांचं बोलणं थोडं वेगळं असतं. "टेन्शन हाय यार" एवढंच येतं आणि मित्र म्हणतो, "चल, बसू." दारूनं ती रात्र जाते, पण झोप मोडते आणि सकाळी मन आणखी खचतं. त्यापेक्षा चालता चालता किंवा गाडीवर जाताना विचारावं, "कशाचं टेन्शन हाय?" समोरासमोर नजर नसली की बऱ्याच पुरुषांना बोलणं सोपं जातं.

मरणाचं दुःख असेल तिथं तर तोडगा नसतोच. सांत्वनाला आलेले "सगळं अनित्य आहे" म्हणतात. किसा गोतमीची कथा आपण सगळे जाणतो. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन औषध मागायला आलेल्या त्या आईला बुद्धांनी अनित्यतेचं प्रवचन लगेच दिलं नाही. ज्या घरात कोणी मेलं नाही तिथून मोहरी आण, असं सांगितलं. दारोदार फिरून, घरोघरचं ऐकून ते सत्य तिला स्वतःला उमगलं. दहाव्या दिवशी आलेल्या पाहुण्यानं ते तिच्या हातात देण्याची घाई करू नये. "कसा होता गं तुझा पोरगा?" असं विचारून त्याच्याबद्दल बोलू द्यावं.

काही वेळा मात्र नुसतं ऐकणं पुरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा जेवण तुटलं असेल आणि कामात लक्ष लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावं. "मी नसले तर बरं", "आता सुटका पाहिजे" असे शब्द आले तर सरळ विचारावं, "जीव द्यायचा विचार येतो का मनात?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो असं लोकांना वाटतं, पण तसं होत नाही. उलट, सांगायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नये. घरातलं फवारणीचं औषध लगेच दुसरीकडे हलवावं आणि घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगावं. इथे गुपित पाळायचं नसतं, आणि "मला सांगावंच लागेल" हे तिलाही स्पष्ट बोलावं. टेली मानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर १४४१६ आहे. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं. लगेच धोका असेल तर १०८ किंवा ११२ ला फोन करावा, नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावं. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. पहिल्या वेळी सोबत जावं, कारण केसपेपर काढण्यापासून डॉक्टरांपुढं बसेपर्यंत एकट्या माणसाचा धीर सुटू शकतो.