दुसऱ्या वाक्यात ‘अ’ का चुकला?

माढ्यातल्या मुलांनी हा प्रश्न गावच्याच किल्ल्यावर सोडवून बघावा. ‘देअर इज अ फोर्ट इन माढा. ___ फोर्ट वॉज बिल्ट बाय राव रंभा निंबाळकर.’ रिकाम्या जागी बरेच जण ‘अ’ लिहितात आणि मार्क जातो. मुलांना वाटतं, फोर्ट एकच आहे, मग ‘अ’ का नको?

एक आहे हे खरंच, पण ‘अ’ नुसती संख्या सांगत नाही. वाचणाऱ्याला अजून माहीत नसलेली गोष्ट पहिल्यांदा समोर आणायची, की ‘अ’ येतो. पहिल्या वाक्यात ते काम झालं. दुसऱ्या वाक्यात पुन्हा ‘अ फोर्ट’ लिहिलं, तर वाचणारा समजतो की हा दुसराच कुठलातरी किल्ला, आणि दोन वाक्यांचा सांधा तुटतो. ‘द’ म्हणतो, आत्ताच सांगितला तोच. मराठीत आपण नुसतं ‘किल्ला राव रंभा निंबाळकरांनी बांधला’ म्हटलं तरी भागतं, म्हणून इंग्रजीत ही खूण निसटते.

पण ‘नाम दुसऱ्यांदा आलं की द’ एवढंच पाठ करू नका. ‘माढा हॅज अ फोर्ट. इट इज अ लँड फोर्ट.’ इथे फोर्ट दुसऱ्यांदा आला, तरी ‘अ’च बरोबर, कारण तो कोणत्या प्रकारचा आहे ते सांगतोय. म्हणून रिकाम्या जागेपाशी थांबून विचारा, ‘कोणता फोर्ट?’ उत्तर ‘वर आला तोच’ असं मिळालं, तर बिनधास्त ‘द’ लिहा.