खोक्यात एक भांडं कमी निघालं तर…

दिवाळीच्या सेलमध्ये मिक्सर मागवला. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘तीन भांड्यांचा मिक्सर, सोबत चॉपर मोफत’. किंमत ४,५०० रुपये. खोकं उघडलं तर मोठं आणि मधलं अशी दोनच भांडी. चटणीचं छोटं भांडं नाही आणि चॉपरचाही पत्ता नाही. तक्रार केली की ठरलेलं उत्तर येतं: ‘मिक्सर चालतोय ना? चॉपर तर फुकटच होता. भांड्याचे तीनशे रुपये परत देतो.’ हे उत्तर कितपत खरं आहे, ते या काल्पनिक पण नेहमीच्या मिक्सरवरूनच पाहू.

वस्तूंच्या खरेदीविक्रीचा आपला मूळ कायदा १९३०चा आहे. जुना असला तरी या प्रश्नाचं नेमकं उत्तर त्यातच सापडतं. सौद्यातली काही वचनं सौद्याच्या मुळाशी असतात, काही आनुषंगिक. मुळाशी असलेलं वचन मोडलं तर गिऱ्हाईक माल नाकारू शकतं. आनुषंगिक मोडलं तर फक्त नुकसानभरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. शिवाय वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे, हे पहिल्या प्रकारचं वचन आहे. आपला मिक्सर ‘तीन भांड्यांचा’ म्हणून विकला गेला. दोनच भांडी आली म्हणजे तो वर्णनाशी जुळत नाही, मग त्याची मोटर कितीही झकास फिरो. तेव्हा तो अख्खा परत करण्याचा हक्क आहेच. पण परत करणं सक्तीचं नाही. मिक्सर ठेवून कमी पडलेल्या वस्तूची भरपाई मागायची मुभाही हाच कायदा देतो, आणि निवड गिऱ्हाइकाची असते. मात्र माल घरात ठेवून, बराच काळ काहीच न बोलता वापरला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. मग परतीचा दरवाजा बंद होतो आणि भरपाईचा तेवढा उरतो.

भरपाई किती, हा पुढचा प्रश्न. विक्रेत्याने तीनशेचा आकडा बहुधा हवेतून काढलेला असतो. आपलं नुकसान म्हणजे ते भांडं आता बाहेरून घ्यायला लागणारा खर्च. त्याच मॉडेलचं चटणीचं भांडं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये झाकणासह ८५० रुपयांना मिळत असेल, तर मागणी ८५०ची. चॉपरच्या बाबतीत मात्र आपणही जरा प्रामाणिक राहावं. त्याच्यावर ९९९ची छापील किंमत असली आणि तो सगळीकडे ३५०ला विकला जात असला, तर आपलं नुकसान ३५०चंच आहे. म्हणजे एकूण १,२०० रुपये. एवढं ऐकल्यावर विक्रेता ‘त्यापेक्षा मिक्सरच परत करा’ म्हणण्याची शक्यता दाट. सेल संपून तोच मिक्सर ५,२०० झाला असेल तर या उदारपणात आपलाच तोटा आहे. अशा वेळी पैशांऐवजी भांडंच पाठवा, असा आग्रह धरावा.

‘फुकटच होता’ हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो टिकत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. द्यायचं मनात नसताना भेटवस्तू देऊ करणं त्यात येतं. आणि जिची किंमत एकूण रकमेतून पूर्ण किंवा अंशतः वसूल होते, ती वस्तू मोफत असल्याचा आभास निर्माण करणंही येतं. जीएसटीवाल्यांचीही भूमिका अशीच आहे. ‘एकावर एक मोफत’ म्हणजे एका किमतीत दोन वस्तूंची विक्री, असं केंद्रीय कर मंडळाने २०१९च्या परिपत्रकात म्हटलं आहे. अर्थात ‘साठा असेपर्यंत’ असं आधीच स्पष्ट लिहिलं असेल तर बाजू जरा कमकुवत होते. म्हणून दुकानातून घेताना भेटवस्तू बिलावर लिहून घ्यावी. शून्य किंमत लावलेली एक ओळही पुरते. ती असली की दुकानदाराला ‘कंपनीकडून आलंच नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

सुट्या भागाची किंमत आणि त्याचं महत्त्व यांचा फारसा संबंध नसतो. पाणी साठवणाऱ्या गिझरसोबत एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह येतो. थंड पाण्याच्या तोंडाशी बसणारा हा भाग टाकीतला जादा दाब बाहेर सोडतो. तो खोक्यात नसेल तर थोडे पैसे परत घेऊन गिझर बसवणं म्हणजे जिवाशी खेळ. तिथे व्हॉल्व्ह येईपर्यंत गिझर बसवू नये किंवा सरळ परत करावा.

माहितीपुस्तिकेचंही तसंच. मिक्सरची पुस्तिका नसली तर कंपनीच्या वेबसाइटवर ती मिळते. त्यासाठी पैसे मागण्यात अर्थ नाही. वॉरंटी कार्ड हरवलेलं असलं तरी बिल आणि सीरियल नंबर यांवर सहसा काम भागतं. पण ज्या वस्तूने इजा होऊ शकते, तिच्यासोबत पुरेशा सूचना किंवा धोक्याचा इशारा दिलेला नसणं आणि त्यातून अपघात होणं, हे २०१९च्या कायद्याच्या कलम ८४ नुसार उत्पादकाच्या अंगावर येतं.

जे कबूलच केलं नव्हतं, त्याच्यासाठी मात्र भांडता येत नाही. टीव्हीचा भिंतीवरचा ब्रॅकेट, गिझरचे पाइप, एसीचा स्टँड अनेकदा खोक्यात नसतातच. ऑक्टोबर २०२०मध्ये अ‍ॅपलने आयफोन १२च्या खोक्यातून चार्जर काढला, तेव्हा जगभर आरडाओरडा झाला. ब्राझीलच्या न्याय मंत्रालयाने तर २०२२मध्ये चार्जरशिवाय आयफोन विकायला बंदी घालून दंडही ठोठावला. पण तो सरकारचा निर्णय होता. एकट्या गिऱ्हाइकाच्या भांडणात आधार एकच: खोक्यात काय काय असेल याची जाहिरातीतली आणि खोक्यावरची यादी. ऑर्डर करतानाच त्या यादीचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, कारण विक्रेता ते पान नंतर बदलू शकतो.

पुराव्यात आणखी एक गोष्ट फार कमी लोक पाहतात, ती म्हणजे पार्सलवरचं वजन. कुरिअरच्या लेबलवर पुष्कळदा वजन छापलेलं असतं. खोक्यावर लिहिलेल्या वजनापेक्षा ते अर्धा-पाऊण किलोने कमी असेल, तर वस्तू वाटेत नव्हे, गोदामातच राहिली हे दिसतं. खोकं उघडतानाचा व्हिडिओ लेबलपासून सुरू करावा आणि मधे थांबवू नये.

तक्रार लगेच नोंदवण्याचं आणखी एक कारण आहे. समजा आठवड्याभराने मिक्सरच बिघडला आणि परत करायची वेळ आली. न्यायला आलेला मुलगा त्याच्या फोनवरची यादी वाचतो: तीन भांडी, एक चॉपर. दोनच दिसली की ‘सामान अपुरं’ असा शेरा मारून तो निघून जातो. जी वस्तू आलीच नाही ती आपण ठेवून घेतल्याचा ठपका आपल्यावर बसतो. चॉपर कमी असल्याचं आधीच लेखी कळवलेलं असेल तर हा प्रसंग टळतो. थोडे पैसे परत घेताना मिळणारा मेसेजही नीट वाचावा. त्यात ‘तक्रार पूर्णपणे मिटली’ असं लिहिलेलं असेल तर ती रक्कम फक्त भांड्यापुरती आहे, हे उलट लिहून कळवावं.

ऑनलाइन विक्रेत्याने जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला नकार देऊ नये, असं २०२०चे ई-कॉमर्स नियम सांगतात. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. त्यानंतर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथेही दाद लागली नाही तर आपण राहतो त्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. बाराशे रुपयांसाठी तारखा कोण घालवणार, हे खरंच. पण विक्रेत्यालाही त्या घालवायच्या नसतात. हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक टाकून पुन्हा एक ईमेल पाठवला, की हरवलेलं भांडं बऱ्याचदा त्याच्याच गोदामात सापडतं.