एकच पोस्ट, पाच ठिकाणची दुरुस्ती

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावातलं तरुण मंडळ रविवारी रक्तदान शिबिर घेतंय. पोस्टर तयार झालं. त्यावर तारीख, वेळ, शाळेचं सभागृह आणि संपर्कासाठी मोबाइल नंबर आहे. सोशल मीडिया सांभाळणाऱ्या मुलीनं ते शेड्युलरमध्ये टाकलं. गुरुवारी संध्याकाळी सातला फेसबुक पेज, इन्स्टाग्राम, एक्स आणि टेलिग्राम चॅनेल या चारही ठिकाणी पोस्ट जाईल आणि शनिवारी सकाळी आठवण म्हणून तीच पुन्हा जाईल, अशी वेळ लावली. व्हॉट्सअॅप चॅनेलवर मात्र तिनं स्वतः हातानं टाकली. शुक्रवारी सकाळी लक्षात आलं की नंबरातला एक आकडा चुकलाय. तो नंबर दुसऱ्याच कुणाचा आहे आणि त्या माणसाचा फोन रात्रीपासून वाजतोय.

आता मंडळातले सगळे एकच सांगणार, “अगं, ती पोस्ट दुरुस्त कर ना.” पण दुरुस्त करायला एक पोस्ट उरलेलीच नाही.

गुरुवारी सातच्या आधी ती खरोखर एकच होती. शेड्युलरच्या रांगेत एक मजकूर, एक चित्र आणि चार पत्ते होते. तिथं बदल केला असता तर तो चारही ठिकाणी गेला असता. सात वाजता शेड्युलरनं प्रत्येक सेवेला स्वतंत्र विनंती पाठवली, प्रत्येक सेवेनं आपल्याकडे नवी पोस्ट तयार केली आणि तिला आपल्या पद्धतीचा आयडी देऊन तो परत कळवला. त्या क्षणापासून या चार पोस्टना एकमेकींची काही माहिती नाही. गावातल्या भिंतींवर पोस्टरं चिकटवून झाल्यावर छापखान्यातला मूळ नमुना बदलून उपयोग नसतो, तसं हे आहे. शेड्युलरकडे उरते ती फक्त या आयडींची नोंद. ती नोंद अचूक असेल आणि त्या त्या सेवेनं परवानगी दिली असेल, तरच शेड्युलर पुढे काही करू शकतो.

परवानगीचं गणित मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. फेसबुक पेजवरचा मजकूर बाहेरच्या साधनातून बदलायचा असेल तर ती पोस्ट त्याच साधनातून गेलेली असावी लागते. इन्स्टाग्रामची कॅप्शन फोनवरच्या अॅपमधून केव्हाही बदलता येते, शेड्युलरमधून सहसा नाही. एक्सवर दुरुस्तीची सोय पैसे भरणाऱ्या सदस्यांनाच आहे आणि तीही थोड्याच वेळापुरती, त्यामुळे शुक्रवारी सकाळी तो रस्ता बंदच झालेला असतो. त्यातच काही साधनांत ‘डिलीट’ दाबल्यावर पोस्ट फक्त त्यांच्या यादीतून जाते, प्रत्यक्ष फेसबुकवरून नाही. पडद्यावर ती दिसेनाशी झाली की माणूस निर्धास्त होतो आणि तिकडे फोन वाजतच राहतो. म्हणून पहिली सवय ही लावून घ्यावी: काढून टाकल्यावर प्रत्येक पोस्टची थेट लिंक लॉगिन न केलेल्या ब्राउझरमध्ये उघडून पाहायची. शेड्युलर काय म्हणतो यावर विसंबायचं नाही.

दुरुस्त करायचं की काढून टाकायचं, हा यातला खरा निर्णय. तो चूक किती मोठी आहे यावरून घेण्यापेक्षा चुकीचा त्रास कुणाला होतोय यावरून घ्यावा, असं मला वाटतं. समजा नंबर बरोबर असता आणि फक्त जागा बदलली असती, शाळेऐवजी ग्रामपंचायतीचं सभागृह ठरलं असतं, तर पोस्ट काढणं घातक ठरलं असतं. फेसबुकवर मूळ पोस्ट काढली की ज्यांनी ती शेअर केली त्यांच्या भिंतीवर ‘हा मजकूर उपलब्ध नाही’ एवढंच उरतं. शाळेत जायला निघालेल्याला नवी जागा कळतच नाही. तिथं मजकूर बदलणं, पहिल्याच ओळीत ‘जागा बदलली आहे’ असं लिहिणं आणि खाली तशीच कमेंट टाकणं शहाणपणाचं, कारण शेअर झालेल्या पोस्टमधूनही माणूस त्या दुरुस्त मजकुरापर्यंत पोहोचतो.

इथं मात्र त्रास एका अनोळखी माणसाला होतोय आणि त्याला दुरुस्ती पुरत नाही. फेसबुकवर बदललेल्या पोस्टचा जुना मजकूर ‘एडिट हिस्टरी’मध्ये वाचता येतो. म्हणजे नंबर बदलला तरी आधीचा तिथेच बसलेला असतो. शिवाय चूक चित्रातही आहे. कॅप्शनमध्ये बरोबर नंबर आणि वर पोस्टरावर चुकीचा, अशी पोस्ट पहिल्यापेक्षा वाईट, कारण लोक पोस्टर वाचतात आणि तेच पुढे पाठवतात. नवं पोस्टर तयार होईपर्यंत थांबू नये. आधी काढावं, मग नवं टाकावं. मधला तासभर शिबिराची पोस्ट कुठेच नसली तरी बिघडत नाही.

फक्त काढण्यापूर्वी एक काम करून घ्यावं. फेसबुकच्या कमेंटमध्ये ‘मी येतो’, ‘आमच्याकडून चौघं’, ‘उपाशीपोटी यायचं का?’ असं बरंच काही लिहिलेलं असतं. पोस्टबरोबर तेही जातं. त्याचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवले तर त्या लोकांना नव्या पोस्टखाली नावानं बोलावता येतं.

आता एकेक ठिकाण. फेसबुक आणि एक्सवरची पोस्ट काढायची आणि नवी टाकायची. इन्स्टाग्रामवर काढलेली पोस्ट 30 दिवस ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये राहते, पण ती फक्त खातेदाराला दिसते, त्यामुळे काळजी नाही. उलट तिथं एक चांगली सोय आहे: पोस्टमध्ये तीन किंवा जास्त चित्रं सरकत्या स्वरूपात टाकली असतील तर त्यातलं एकच चित्र काढता येतं. पोस्टर, गेल्या वर्षीच्या शिबिराचा फोटो आणि रक्तदात्यांसाठीच्या सूचना अशी तीन चित्रं असतील, तर नुसतं पोस्टर काढून कॅप्शन सुधारली की पोस्ट, तिचे लाइक्स आणि कमेंट सगळं वाचतं. टेलिग्रामवर तर काढण्याचीही गरज नाही. चॅनेलचा अॅडमिन जुन्या संदेशातलं चित्रच बदलून त्या जागी नवं बसवू शकतो आणि चॅनेल उघडणाऱ्याला बरोबर पोस्टर दिसतं. ज्यांनी तो संदेश आधीच दुसरीकडे फॉरवर्ड केला त्यांच्याकडची प्रत मात्र जुनीच राहते.

इतकं केल्यावर काम संपलं असं वाटतं आणि नेमकी इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. शनिवारी सकाळची आठवण अजून रांगेत आहे. ती गुरुवारच्या पोस्टची नक्कल करून बनवलेली, तिचं स्वतःचं चित्र आणि स्वतःचा मजकूर असलेली वेगळी नोंद आहे. शुक्रवारी केलेली कुठलीही दुरुस्ती तिच्यापर्यंत पोहोचलेली नाही. फोनवरच्या अॅपमध्ये जाऊन इन्स्टाग्रामची कॅप्शन बदलली, हेही शेड्युलरला कळत नाही. त्याच्या दृष्टीनं जुना मजकूरच खरा. शनिवारी आठ वाजता तो चुकीचा नंबर चारही ठिकाणी पुन्हा टाकणार, तोही शिबिराच्या आदल्या दिवशी. त्यामुळे चूक सापडल्यावर हात आधी रांगेकडे जायला हवा. जे अजून गेलेलं नाही ते थांबवायला एक मिनिट लागतं, गेलेलं निस्तरायला अर्धा दिवस.

दुसरी फसगत ‘अनाथ’ पोस्टची. सात वाजता शेड्युलरनं एक्सला पोस्ट पाठवली, ती तिथं प्रसिद्धही झाली, पण उत्तर परत येताना नेट अडखळलं. शेड्युलरला वाटलं, गेलीच नाही. त्यानं पुन्हा पाठवली. आता एक्सवर दोन पोस्ट आहेत आणि शेड्युलरच्या नोंदीत फक्त दुसरीचा आयडी आहे. तो प्रामाणिकपणे ती एक काढतो आणि ‘झालं’ असं कळवतो. पहिली तिथेच राहते. अगदी सारखा मजकूर लागोपाठ दुसऱ्यांदा आला तर काही सेवा तो नाकारतात, पण सगळीकडे तो भरवसा धरता येत नाही. ही ओळखायची एकच खात्रीची रीत: प्रत्येक खात्याच्या पानावर जाऊन गुरुवार संध्याकाळपासूनच्या पोस्ट डोळ्यांनी मोजायच्या आणि नोंदीशी ताडून पाहायच्या. एखाद्या ठिकाणी ‘प्रकाशन अयशस्वी’ अशी सूचना आली असेल तर तिथं हमखास पाहावं.

ही नोंद म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. एक साधी शीट पुरते. कुठे टाकली, कुणी टाकली, थेट लिंक, रांगेत अजून काय आहे, एवढे रकाने. शेड्युलरच्या आतली यादी असताना ही वेगळी कशाला, असा प्रश्न येतो. हातानं टाकलेली व्हॉट्सअॅपची पोस्ट त्या यादीत कधीच येत नाही, म्हणून. सरपंचांनी स्वतःच्या प्रोफाइलवर टाकलेलं पोस्टरही येत नाही.

मुळात सगळ्या प्रती आपोआप जुळत्या राहाव्यात अशी रचना शक्य आहे आणि ती अस्तित्वातही आहे. मॅस्टोडॉनसारख्या सेवा ज्या अॅक्टिव्हिटीपब नियमावलीवर चालतात (ती 2018 साली डब्ल्यू3सीनं मान्य केली), तिच्यात पोस्ट बदलली किंवा काढली की मूळ सर्व्हर इतर सर्व्हरना तसा संदेश पाठवतो. पण तिथंही समोरच्या सर्व्हरनं तो संदेश पाळला तरच बदल होतो. फेसबुक, एक्स आणि टेलिग्राम यांच्यात तर असं बोलणंच नाही. त्यामुळे मंडळाच्या हाती एकच उपाय उरतो: बदलण्याची शक्यता असलेली गोष्ट चित्रात टाकायची नाही. पोस्टरावर शिबिर, तारीख आणि गाव असू द्यावं. नंबर, सभागृह, वेळ हे कॅप्शनमध्ये किंवा मंडळाच्या एका पानावर ठेवून त्याची लिंक द्यावी. पोस्टर थोडं रिकामं दिसेल, पण मजकूर बदलणं चित्र बदलण्यापेक्षा जवळपास सगळीकडे सोपं असतं.

राहिलं व्हॉट्सअॅप. चॅनेलवरून संदेश काढता येतो. ग्रुपमध्ये पाठवणाऱ्याला ‘सर्वांसाठी डिलीट’ साधारण अडीच दिवस करता येतं आणि ग्रुपचा अॅडमिनही तो काढू शकतो, म्हणून भावकीच्या, शाळेच्या, सोसायटीच्या ग्रुपच्या अॅडमिनना फोन करणं वाया जात नाही. पण ज्यांनी पोस्टर गॅलरीत उतरवून पुढे धाडलं, त्यांच्यापर्यंत आपलं कुठलंच बटण पोहोचत नाही. तिथं नवं पोस्टरच जुन्याच्या मागून धाडावं लागतं. ते जुन्यासारखं दिसलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही की हे वेगळं आहे. म्हणून नव्याचा रंग बदलावा, वर ठळक अक्षरांत ‘सुधारित, शुक्रवार सकाळ’ असं छापावं आणि सोबतच्या संदेशात ‘आधीच्या लाल पोस्टरवरच्या नंबरवर फोन करू नका’ असं स्पष्ट लिहावं. चुकीचा नंबर मात्र त्यात पुन्हा लिहू नये.