पन्नास टक्क्यांचा चकवा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आपट्यात दुपारी वीज गेली आणि माझी भाची प्रकल्पाचा अहवाल टंकत होती, तो तिचा लॅपटॉप पडद्यावर पन्नास टक्के दाखवत असताना पटकन विझला. "मामा, निम्मी बॅटरी शिल्लक होती ना!" ती वैतागून म्हणाली. मंडळी, ही तक्रार मी वारंवार ऐकतो. बॅटरी निम्मी होती, की निम्मी असल्याचा नुसता हिशोब होता, हा यातला खरा प्रश्न आहे.

बॅटरीत किती वीज उरली, हे पाण्याच्या टाकीसारखे डोकावून पाहता येत नाही. बॅटरीतच एक छोटी चिप असते. ती आत किती वीज गेली आणि बाहेर किती आली, याची नोंद ठेवते आणि टाकीचे माप गृहीत धरून टक्के सांगते. पण टाकीत गाळ साचत गेला आणि चिपच्या वहीत जुनेच माप राहिले, तर वही पन्नास टक्के दाखवते आणि टाकी मात्र रिकामी होते. लॅपटॉप महिनोन् महिने चार्जरलाच लावलेला असला, की असे हमखास होते; कारण बॅटरी पूर्ण उतरत नाही आणि माप नव्याने घेण्याची संधीच चिपला मिळत नाही.

मी आधी लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवला. तो डुगडुगतो का, टचपॅड वर आलेले आहे का, खालच्या झाकणाला फट पडली आहे का, हे पाहिले. तसे काहीच नव्हते, म्हणून पुढे गेलो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ही आज्ञा दिली :

```
powercfg /batteryreport
```

अहवालाची फाइल कुठे तयार झाली, ते पडद्यावरच दिसते. त्यात दोन आकडे महत्त्वाचे. DESIGN CAPACITY म्हणजे कारखान्यातली क्षमता, ती 41,040 mWh होती. FULL CHARGE CAPACITY म्हणजे आजची क्षमता, ती 36,900 होती. म्हणजे कागदोपत्री बॅटरी नव्वद टक्के निरोगी! पण चार्जर काढल्यापासून लॅपटॉप बंद पडेपर्यंत जेमतेम एक तास चाळीस मिनिटे जात होती.

मग कॅलिब्रेशन केले. बॅटरी पूर्ण भरून चार्जर आणखी दोन तास तसाच ठेवला. मशीन आपोआप झोपी जाऊ नये, अशी सेटिंग केली. चार्जर काढून हलके काम करत ती आपणहून बंद पडू दिली. चार-पाच तास विसावा दिला आणि मग एका दमात पुन्हा पूर्ण भरली. हे वरचेवर करू नये, कारण बॅटरी तळापर्यंत उतरवण्याचा तिला त्रासच होतो.

दुसऱ्या अहवालात FULL CHARGE CAPACITY 36,900 वरून 19,300 वर आली. भाची घाबरली, "मामा, तू बॅटरी बिघडवलीस!" बिघडवली नव्हती, वहीतले माप दुरुस्त झाले होते. आता मशीन पन्नासला नव्हे, पाच टक्क्यांच्या आसपास बंद पडू लागले. वेळ मात्र तितकीच, एक तास चाळीस मिनिटे. कॅलिब्रेशनने आकडा खरा होतो, बॅटरी तरुण होत नाही.

निर्णय इथेच झाला. मूळ क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी, सत्तेचाळीस टक्के उरली होती आणि वीज गेल्यावर भाचीला तीन तास लागत होते. म्हणून बॅटरी बदलली. हाच आकडा ऐंशीच्या आसपास आला असता, तर मी बदलू दिली नसती. कधी असेही होते, की हलक्या कामात मशीन नीट चालते, पण व्हिडिओसारखे जड काम लावताच पन्नासला बंद पडते. तेव्हा पेशींचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. जास्त वीज ओढली, की दाब कोसळतो. तिथे कॅलिब्रेशनचा उपयोग नाही.

आणि ती पहिली तपासणी विसरू नका. टचपॅड वर आले असेल किंवा झाकण फुगले असेल, तर आतल्या द्रावणाचे विघटन होऊन वायू साचलेला असतो. अशी बॅटरी भरायची नाही, उतरवायची नाही, दाबायची नाही आणि टोचायची तर मुळीच नाही. आग लागू शकते. मशीन बंद करा, चार्जर काढा, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि जाणत्या दुरुस्ती करणाऱ्याकडूनच बॅटरी काढून घ्या. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेत्याकडे तसे विचारा.

भाचीच्या नव्या बॅटरीला मी ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सेटिंग करून दिली आहे. सतत शंभर टक्क्यांवर आणि उष्णतेत राहिलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. लांबचा प्रवास असेल त्या दिवशी मात्र ती पूर्ण भरून घेते.