खेळण्यातील मोटारीवरून खऱ्या मोटारीचे माप



धातूच्या लहान मोटारी तुम्ही पाहिल्या असतील. अशी एखादी मोटार उलटी करून पाहा. तळाच्या पत्र्यावर मोटारीच्या नावाशेजारी बहुधा १:४३, १:१८ किंवा १/६४ असे काहीतरी कोरलेले आढळते. हे त्या प्रतिकृतीचे प्रमाण होय. या दोन अंकांच्या आधारे, हातातील पट्टीने खऱ्या मोटारीचे माप काढता येते. मात्र हे माप कितपत विश्वसनीय आहे, हे ओळखता आले तरच त्याचा उपयोग. प्रस्तुत घटकात आपण माप काढण्याची रीत पाहू आणि ते माप पारखून घेण्याची रीतही पाहू.

१. प्रमाणाचे वाचन

१:४३ हे आपण 'एकास त्रेचाळीस' असे वाचतो. यातील 'एकास' या शब्दाकडे लक्ष द्या. एक काय, हे येथे सांगितलेले नाही. ते मुद्दामच सांगितलेले नाही, कारण कोणतेही एकक घेतले तरी हे विधान खरे ठरते. प्रतिकृतीवरील एका मिलिमीटरला खऱ्या मोटारीवरील ४३ मिलिमीटर. प्रतिकृतीवरील एका इंचाला खऱ्या मोटारीवरील ४३ इंच. अट एकच: दोन्ही बाजूंना एकक सारखे हवे. म्हणून रीत अगदी सोपी होते. प्रतिकृतीवरील लांबी मोजावी आणि प्रमाणातील दुसऱ्या अंकाने तिला गुणावे.

भाषेच्या दृष्टीने येथे एक गफलत संभवते. 'मोठे प्रमाण' म्हटले की मोठा अंक डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात १:१८ हे १:४३ पेक्षा मोठे प्रमाण आहे. साडेचार मीटरची मोटार १:१८ प्रमाणात २५ सेंटीमीटर लांब होते. १:४३ प्रमाणात ती साडेदहा सेंटीमीटरच्या आसपास राहते. दुसरा अंक वाढतो तशी प्रतिकृती लहान होत जाते. नकाशांच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो.

२. एक उदाहरण: अॅम्बेसेडर

आपल्या सर्वांच्या परिचयाची अॅम्बेसेडर मोटार घेऊ. ब्रिटनमधील मॉरिस ऑक्सफर्ड या मोटारीच्या तिसऱ्या मालिकेवरून हिंदुस्थान मोटर्सने ती तयार केली. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. समजा, तुमच्याजवळ तिची १:४३ प्रमाणातील प्रतिकृती आहे.

मोजताना पट्टी मोटारीवर टेकवू नका. मोटारीचे कोपरे गोलाई घेतलेले असतात, त्यामुळे टोक नेमके कोठे संपते हे डोळ्यांना कळत नाही. टेबलावर दोन जाड पुस्तके उभी ठेवा, त्यांच्यामध्ये मोटार अलगद बसवा, मग मोटार काढून घ्या आणि पुस्तकांमधील अंतर मोजा. पट्टीवरील शून्याची खूण बहुधा कडेपासून किंचित आत असते. मोजणी त्या खुणेपासून सुरू करावी.

समजा, लांबी १००.५ मिलिमीटर आली. १००.५ × ४३ = ४३२१.५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ४.३२ मीटर. आता पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा. या अंतराला मोटारींच्या व्यवहारात 'व्हीलबेस' म्हणतात. ते समजा ५७.५ मिलिमीटर आले. ५७.५ × ४३ = २४७२.५ मिलिमीटर.

खऱ्या अॅम्बेसेडरची लांबी ४३२५ मिलिमीटर आणि व्हीलबेस २४६४ मिलिमीटर अशी दिली जाते. आपली दोन्ही उत्तरे या आकड्यांच्या जवळ आली. जवळ आली, परंतु तंतोतंत नाहीत. हा फरक कोठून आला?

३. चूकही ४३ पट होते

साध्या पट्टीने मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक गृहीत धरावीच लागते. गुणाकार मापालाच नव्हे, तर त्या चुकीलाही लागू होतो. ०.५ × ४३ = २१.५. म्हणजे तुमचे उत्तर खऱ्या मापापेक्षा दोन सेंटीमीटर कमी किंवा जास्त असू शकते. वरील व्हीलबेसमध्ये ८.५ मिलिमीटरचा फरक आला. तो या मर्यादेच्या आत आहे. म्हणून ते उत्तर ग्राह्य मानता येते. त्याच वेळी '२४७२.५ मिलिमीटर' हा दशांशापर्यंतचा आकडा लिहिणे योग्य नव्हे. त्यातून पट्टीजवळ नसलेल्या अचूकतेचा दावा केला जातो. 'सुमारे २.४७ मीटर' हे लेखन अधिक प्रामाणिक होय.

ही दोन सेंटीमीटर कोठे महत्त्वाची ठरतात ते पाहा. एका जुन्या वाड्याचा दरवाजा आतून आत १.७५ मीटर रुंद आहे. तेथून अॅम्बेसेडर आत नेता येईल का, हे प्रतिकृतीवरून ठरवायचे आहे. प्रतिकृतीची रुंदी ३८.५ मिलिमीटर भरली. खरी रुंदी सुमारे १६५५ मिलिमीटर झाली. परंतु मोजणीतील चूक लक्षात घेता ती १६३४ ते १६७७ यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. मोटार बरोबर मधोमध नेली, तर प्रत्येक बाजूला कमीत कमी साडेतीन आणि जास्तीत जास्त पावणेसहा सेंटीमीटर मोकळी राहतील.

मोटार आत जाईल, असे म्हणता येईल का? तिचे अंग जाईल. पण बाजूचे आरसे सहसा रुंदीच्या मापात धरलेले नसतात, आणि बाहेर आलेला आरसा पाच-सहा सेंटीमीटरची जागा सहज घेतो. प्रतिकृतीवर आरसे एक तर वगळलेले असतात किंवा ढोबळ आकाराचे असतात. त्यांच्यावरून हिशेब करता येत नाही. म्हणून योग्य उत्तर असे: मोटारीचे अंग दरवाजातून जाते, आरशांसाठी मात्र खऱ्या मोटारीचे माप घेतले पाहिजे. प्रतिकृती येथे उपयोगी पडली, आणि आपली मर्यादाही तिने दाखवून दिली.

४. छापलेले प्रमाण खरे आहे का?

आतापर्यंत आपण तळावरील अंकावर विश्वास ठेवला. तो नेहमीच ठेवता येत नाही.

४३ हा अंक इतका विचित्र का, याचे उत्तर खेळण्यातील रेल्वेत सापडते. ब्रिटनमध्ये एका प्रकारच्या खेळण्यातील रेल्वेसाठी एका फुटाला ७ मिलिमीटर असे प्रमाण रूढ होते. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, त्याला ७ ने भागल्यास ४३.५४ येतात. १९३० च्या दशकात मेकॅनो कंपनीने आपल्या हॉर्नबी रेल्वेच्या जोडीला लहान मोटारी काढल्या. पुढे त्या 'डिंकी टॉइज' या नावाने प्रसिद्ध झाल्या. मोटारींच्या प्रतिकृतींमध्ये १:४३ रुळले ते या रेल्वेच्या मापामुळे. म्हणजे या प्रमाणाच्या मुळाशीच अर्ध्या अंकाची तडजोड आहे. जो निर्माता ४३.५ धरून साचा बनवतो आणि ४३ छापतो, त्याच्या अॅम्बेसेडरच्या लांबीत आपले उत्तर पाच सेंटीमीटरने कमी येईल.

खिशात मावणाऱ्या स्वस्त मोटारींमध्ये तफावत याहून मोठी असते. अशा मालिकेत सर्व गाड्या सारख्याच आकाराच्या वेष्टनात बसवाव्या लागतात. त्यामुळे बस आणि छोटी मोटार या दोन्ही जवळजवळ एकाच लांबीच्या निघतात, आणि दोघींचे प्रमाण एकच असणे शक्य नसते. काही निर्माते प्रत्येक गाडीच्या तळावर तिचे वेगळे प्रमाण छापतात. काही मात्र साऱ्या मालिकेला १:६४ म्हणून मोकळे होतात.

हे पारखण्याची रीत म्हणजे गुणाकाराऐवजी भागाकार. खऱ्या मोटारीचे एखादे खात्रीचे माप घ्यावे, त्याला प्रतिकृतीवरील मापाने भागावे. येणारा अंक हे प्रतिकृतीचे खरे प्रमाण. यासाठी व्हीलबेस सर्वांत सोयीचा. बंपर बदलले की लांबी बदलते, टपावर कॅरिअर बसवले की उंची बदलते. आसांमधील अंतर मात्र अशा किरकोळ बदलांनी हलत नाही.

समजा, १:६४ छापलेल्या एका लहान अॅम्बेसेडरचा व्हीलबेस ४१ मिलिमीटर भरला. २४६४ ÷ ४१ = ६०.१. ही प्रतिकृती प्रत्यक्षात १:६० ची आहे. ६४ ने गुणले असते तर व्हीलबेस २६२४ मिलिमीटर आला असता, म्हणजे १६ सेंटीमीटर अधिक. मोजणीतील चूक येथे सुमारे तीन सेंटीमीटरची; एवढी मोठी तफावत तिच्यातून उद्भवू शकत नाही. दोष छापलेल्या अंकाचा आहे, हे यावरून ठरते.

पुढे लांबी, रुंदी आणि उंची यांचेही असेच भागाकार करावेत. सर्वांतून ६० च्या आसपास अंक आला, तर प्रतिकृती प्रमाणबद्ध आहे. छापलेला अंक बाजूला ठेवून ६० ने गुणत जावे. लांबीतून ६० आणि उंचीतून ५४ आले, तर निर्मात्याने मोटारीचा घाटच बदलला आहे. अशा प्रतिकृतीला एक प्रमाण नसते, आणि तिच्यावरून न मोजलेल्या भागाचे माप काढता येत नाही. चाके तर बहुतेक खेळण्यांत वेगाने पळण्यासाठी फुगवलेली असतात. चाकाच्या व्यासावरून मोटारीचे माप काढू नये.

५. फक्त लांबीपुरते

शेवटची मर्यादा प्रमाणाच्या अर्थातच आहे. १:४३ हे लांबीचे प्रमाण आहे. टपाच्या क्षेत्रफळात लांबी आणि रुंदी दोन्ही ४३ पट होतात, म्हणून ते ४३ × ४३ = १८४९ पट होते. डिकीच्या घनफळात उंचीचीही भर पडते, आणि ते ७९,५०७ पट होते. वजनाला तर हाही नियम लावता येत नाही. प्रतिकृती आणि मोटार यांचे धातू, पत्र्याची जाडी आणि आतील पोकळी वेगवेगळी असतात. 'खरी मोटार हिच्या ४३ पट आहे' हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. 'खरी मोटार हिच्या ४३ पट लांब, ४३ पट रुंद आणि ४३ पट उंच आहे' असे लिहिल्यास अर्थ निःसंदिग्ध होतो.

स्वयंअध्ययन प्रश्न

फोक्सवॅगन बीटल या मोटारीचा व्हीलबेस २४०० मिलिमीटर आहे. तिच्या प्रतिकृतीवर १:२४ छापले आहे. व्हीलबेस ९६ मिलिमीटर आणि लांबी १६३ मिलिमीटर भरते. खऱ्या मोटारीची लांबी किती?

उत्तर : प्रथम प्रमाण पारखावे. २४०० ÷ ९६ = २५. छापलेले प्रमाण बरोबर असते, तर व्हीलबेस १०० मिलिमीटर भरला असता. ४ मिलिमीटरची चूक पट्टीची असू शकत नाही. म्हणून २५ ने गुणावे. १६३ × २५ = ४०७५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ४.०८ मीटर. २४ ने गुणणाऱ्याची मोटार सोळा सेंटीमीटरने आखूड होईल.