यंत्र विकत घ्यावे की भाडेपट्ट्याने? करोत्तर रोख खर्चाच्या वर्तमान मूल्यावरून तुलना

उद्दिष्टे

हा भाग अभ्यासल्यानंतर तुम्हाला

- यंत्राची खरेदी आणि भाडेपट्टा या दोन पर्यायांतील करोत्तर रोख खर्च मांडता येईल;
- त्या खर्चाचे वर्तमान मूल्य काढून दोन्ही पर्यायांची तुलना करता येईल;
- निर्णय कोणत्या गृहीतावर टिकून आहे ते ओळखता येईल.

१. प्रास्ताविक

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत चाकण आणि पिंपरीच्या वाहन कारखान्यांसाठी सुटे भाग करून देणारे अनेक लहान कारखाने आहेत. अशाच एका कारखान्याची कल्पना करा. पाच वर्षांचे नवे काम मिळण्याची शक्यता आहे आणि त्यासाठी एक व्हीएमसी यंत्र, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारे उभे मशिनिंग सेंटर हवे आहे. यंत्राची किंमत ३०,००,००० रुपये आहे. तेच यंत्र एक संस्था पाच वर्षांसाठी वर्षाला ६,६०,००० रुपये भाड्याने द्यायला तयार आहे.

कारखान्याचे मालक तोंडी हिशेब करतात : पाच वर्षांचे भाडे ३३ लाख, यंत्राची किंमत ३० लाख. शिवाय विकत घेतले तर यंत्र शेवटी आपले राहते. मग भाड्याने घेण्यात शहाणपण ते काय? हा हिशेब सरळ वाटतो. पण त्यात तीन गोष्टी सुटल्या आहेत. आजचा रुपया आणि पाच वर्षांनंतरचा रुपया सारखा नसतो. भाडे आणि घसारा या दोन्हींमुळे आयकर कमी भरावा लागतो, परंतु सारख्या प्रमाणात नाही. आणि शेवटी हाती राहिलेल्या यंत्राला काही किंमत येईल, ती आज किती धरायची हे ठरवावे लागते. या तिन्ही गोष्टी एका मापात आणण्याची रीत आपण या भागात पाहणार आहोत.

२. तुलनेपूर्वी ठरवायच्या गोष्टी

२.१ कोणता खर्च धरायचा? दोन्ही पर्यायांत सारखाच येणारा खर्च तुलनेतून वगळावा. वीज, कामगाराचे वेतन, कटिंग टूल्स आणि आपल्या उदाहरणात देखभालसुद्धा दोन्हीकडे कारखान्याच्याच माथी आहे. म्हणून ती मांडण्याची गरज नाही. भाड्याच्या करारात देखभाल संस्थेकडे असेल, तर मात्र खरेदीच्या बाजूला ती धरावीच लागेल. जीएसटी दोन्हीकडे लागतो व कारखान्याला त्याचे क्रेडिट मिळते, म्हणून सर्व रकमा जीएसटी वगळून घेतल्या आहेत.

२.२ कराचा दर. कारखाना खाजगी मर्यादित कंपनी आहे आणि तिने सवलतीच्या दराचा पर्याय स्वीकारला आहे, असे समजू. या पर्यायात २२ टक्के करावर अधिभार आणि उपकर मिळून दर सुमारे २५.१७ टक्के होतो. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून आपण २५ टक्के धरू. हा पर्याय घेणाऱ्या कंपनीला नव्या यंत्रावरील अतिरिक्त घसारा मिळत नाही. यंत्रसामग्रीवरील नेहमीचा १५ टक्के घसारा मात्र मिळतो. तो घटत्या शिल्लक पद्धतीने, म्हणजे दर वर्षी उरलेल्या रकमेवर काढतात. यंत्र वर्षाच्या आरंभी घेतले आहे असे आपण धरतो. पहिल्या वर्षी ते १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेले, तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो.

२.३ वटावाचा दर. भाडेपट्टा हा मुळात कर्जासारखाच आहे : आज यंत्र मिळते आणि पैसे ठरलेल्या हप्त्यांनी द्यावे लागतात. म्हणून त्याची तुलना बँकेच्या कर्जाशी करणे योग्य ठरते. बँक १२ टक्क्यांनी कर्ज देते असे धरा. व्याजाच्या खर्चामुळे कर वाचतो, म्हणून कारखान्याला कर्ज खऱ्या अर्थाने १२ × (१ − ०.२५) = ९ टक्क्यांना पडते. आपण ज्या रकमा वटवणार त्या करोत्तर आहेत. तेव्हा दरही करोत्तरच, म्हणजे ९ टक्के घ्यावा.

९ टक्के दराने वर्षअखेरीस मिळणाऱ्या एका रुपयाचे आजचे मूल्य पहिल्या ते पाचव्या वर्षासाठी अनुक्रमे ०.९१७, ०.८४२, ०.७७२, ०.७०८ आणि ०.६५० येते. या पाच गुणकांची बेरीज ३.८८९ आहे.

३. भाडेपट्ट्याचा खर्च

भाडे दर वर्षाच्या अखेरीस द्यायचे आहे असे प्रथम धरू. ६,६०,००० रुपयांच्या भाड्यामुळे २५ टक्के, म्हणजे १,६५,००० रुपये कर वाचतो. करोत्तर भाडे राहते ४,९५,००० रुपये.

वर्तमान मूल्य = ४,९५,००० × ३.८८९ = १९,२५,०५५ रुपये

४. खरेदीचा खर्च

आज ३०,००,००० रुपये जातात. त्यातून तीन गोष्टी वजा होतात.

४.१ घसाऱ्यामुळे वाचणारा कर. घसारा हा रोख खर्च नव्हे. त्यापोटी कोणाच्या हातात पैसे पडत नाहीत. म्हणून तो आपल्या मांडणीत येत नाही. येतो तो फक्त त्याच्यामुळे वाचलेला कर.

| वर्ष | घसारा | वाचलेला कर | गुणक | वर्तमान मूल्य |
|---|---|---|---|---|
| १ | ४,५०,००० | १,१२,५०० | ०.९१७ | १,०३,१६३ |
| २ | ३,८२,५०० | ९५,६२५ | ०.८४२ | ८०,५१६ |
| ३ | ३,२५,१२५ | ८१,२८१ | ०.७७२ | ६२,७४९ |
| ४ | २,७६,३५६ | ६९,०८९ | ०.७०८ | ४८,९१५ |
| ५ | २,३४,९०३ | ५८,७२६ | ०.६५० | ३८,१७२ |
| एकूण | | | | ३,३३,५१५ |

४.२ यंत्राची विक्री. पाच वर्षे पूर्ण होताच यंत्र १०,००,००० रुपयांना विकले जाईल असा अंदाज आहे. त्याचे आजचे मूल्य १०,००,००० × ०.६५० = ६,५०,००० रुपये.

४.३ विक्रीनंतर उरलेला घसारा. पाच वर्षांनंतर करहिशेबात यंत्राची शिल्लक १३,३१,११६ रुपये असेल आणि विक्री १० लाखांना होईल. उरलेल्या ३,३१,११६ रुपयांच्या तोट्यावर लगेच २५ टक्के कर वाचेल असे अनेकजण धरतात. आपल्याकडील आयकर पद्धतीत तसे होत नाही. एकाच दराने घसारा लागणारी सर्व यंत्रे एका गटात धरली जातात आणि विक्रीची रक्कम त्या गटातून वजा होते. कारखान्यात दुसरी यंत्रे असतील, तर ही उरलेली रक्कम गटातच राहते आणि तिच्यावर दर वर्षी १५ टक्के घसारा मिळत राहतो.

पहिल्या वर्षी या रकमेमुळे ३,३१,११६ × १५% × २५% = १२,४१७ रुपये कर वाचेल आणि पुढे ही बचत दर वर्षी १५ टक्क्यांनी घटत जाईल. अशा घटत्या मालिकेचे पाचव्या वर्षअखेरचे मूल्य १२,४१७ ÷ (०.०९ + ०.१५), म्हणजे सुमारे ५१,७३७ रुपये येते. ०.६५० ने गुणल्यावर आजचे मूल्य होते ३३,६२९ रुपये. सगळा तोटा एकदम वजा होतो असे धरले असते, तर हाच आकडा ५३,८०६ रुपये दिसला असता.

४.४ निव्वळ खर्च

३०,००,००० − ३,३३,५१५ − ६,५०,००० − ३३,६२९ = १९,८२,८५६ रुपये

५. निर्णय आणि त्याची कसोटी

खरेदी १९,८२,८५६ आणि भाडेपट्टा १९,२५,०५५. भाडेपट्टा ५७,८०१ रुपयांनी स्वस्त ठरतो; मालकांच्या तोंडी हिशेबाच्या अगदी उलट. परंतु ३० लाखांच्या व्यवहारात ५८ हजारांचा फरक निसटता आहे. म्हणून इथेच न थांबता, कोणती गोष्ट बदलली तर निर्णय उलटतो हे तपासावे.

५.१ भाडे केव्हा द्यायचे? बऱ्याच करारांत भाडे आगाऊ द्यावे लागते. वर्षाच्या आरंभी भाडे द्यायचे असेल, तर पहिला हप्ता आजच जातो आणि गुणकांची बेरीज १ + ०.९१७ + ०.८४२ + ०.७७२ + ०.७०८ = ४.२३९ होते. भाड्याचे मूल्य २७,९७,७४०. कर मात्र वर्षअखेरीसच वाचतो असे धरू : १,६५,००० × ३.८८९ = ६,४१,६८५. निव्वळ खर्च २१,५६,०५५ रुपये. आता खरेदी १,७३,१९९ रुपयांनी स्वस्त झाली. भाड्याचा आकडा तोच, यंत्र तेच; करारातील ‘आगाऊ’ या एका शब्दाने उत्तर फिरले. म्हणून भाड्याच्या रकमेइतकीच ते देण्याची तारीख वाचणे आवश्यक आहे.

५.२ यंत्राला किती किंमत येईल? विक्रीची किंमत एका रुपयाने वाढली, तर खरेदीचा खर्च सुमारे ५५ पैशांनी कमी होतो. ६५ पैसे विक्रीचे मिळतात. पण गटात उरणारी रक्कम घटल्याने करबचतीतील सुमारे १० पैसे जातात. त्यावरून ५७,८०१ ÷ ०.५४८४ = सुमारे १,०५,४०० रुपये. म्हणजे वर्षअखेरीस भाडे देण्याच्या करारात, जुन्या यंत्राला सुमारे ११,०५,००० रुपयांहून अधिक किंमत येणार असेल तर खरेदी योग्य, कमी येणार असेल तर भाडेपट्टा योग्य. हा आकडा हाती आला की मालकांना कोणाला काय विचारायचे ते कळते : पाच वर्षे चाललेले असे यंत्र जुन्या यंत्रांच्या बाजारात आज कितीला जाते?

५.३ नेहमी होणाऱ्या दोन चुका. पहिली चूक अशी की, खरेदीच्या बाजूला कर्जाचे व्याजही खर्च म्हणून मांडले जाते. व्याज वटावाच्या दरात आधीच आलेले आहे. ते पुन्हा मांडले तर दोनदा मोजले जाते आणि खरेदी विनाकारण महाग दिसते. दुसरी चूक म्हणजे करोत्तर रकमा करपूर्व १२ टक्के दराने वटवणे. आपल्याच उदाहरणात तसे केले, तर खरेदी २०,९५,१३७ आणि भाडेपट्टा १७,८४,४७५ रुपये येतो. ५८ हजारांचा निसटता फरक ३ लाखांहून मोठा दिसू लागतो, आणि कसोटी घेण्याची गरज मालकांना वाटतच नाही.

५.४ मर्यादा. या मांडणीतील प्रत्येक करबचत कारखान्याला नफा होतो या गृहीतावर उभी आहे. तोटा असेल तर त्या वर्षी कर वाचत नाही, बचत पुढे ढकलली जाते आणि तिचे मूल्य घटते. तसेच काम तीनच वर्षांत बंद पडले तर काय, याचे उत्तर या आकड्यांत नाही. यंत्र आपले असेल तर ते विकता येते. भाड्याचे असेल तर मुदतीपूर्वी परत करण्याबद्दल करारात काय लिहिले आहे यावर सारे अवलंबून राहते.

६. सारांश

दोन्ही पर्यायांतील केवळ वेगळे असणारे रोख खर्च घ्यावेत, त्यांतून वाचणारा कर वजा करावा आणि कर्जाच्या करोत्तर दराने वटवून आजच्या मूल्यांची तुलना करावी. त्यानंतर भाडे देण्याची वेळ आणि यंत्राची विक्री किंमत बदलून निर्णय टिकतो का ते पाहावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. यंत्र ७,००,००० रुपयांनाच विकले गेले, तर खरेदीचा निव्वळ खर्च किती होईल? भाडे वर्षअखेरीस द्यायचे असल्यास कोणता पर्याय स्वस्त?

२. घसारा थेट खर्च म्हणून का मांडत नाहीत?

उत्तरे

१. गटात ६,३१,११६ रुपये उरतील. त्यांच्यामुळे वाचणाऱ्या कराचे आजचे मूल्य ६४,०९८ रुपये. विक्रीचे आजचे मूल्य ४,५५,००० रुपये. निव्वळ खर्च २१,४७,३८७ रुपये. भाडेपट्टा २,२२,३३२ रुपयांनी स्वस्त.

२. यंत्राची पूर्ण किंमत आरंभीच रोख खर्च म्हणून धरली आहे. घसारा पुन्हा खर्चात धरला तर तीच किंमत दोनदा मोजली जाईल. त्याचा रोख परिणाम फक्त करबचतीपुरता आहे.